हात का सुटतो?

या महिन्यात एकच पत्र घेते आहे. याच अर्थाची आणखी तीन-चार पत्रं माझ्याकडे पडून आहेत, आणि प्रत्येकीला वाटतंय की हे फक्त आपल्याच घरात घडतं.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीचं माहेर बीडचं, सासर दापोली तालुक्यातलं. निकाहला दहा महिने झाले. दोघं मुंब्र्यात भाड्याच्या घरात राहतात. ती लिहिते, "घरात ते फार चांगले आहेत. भाजी निवडू लागतात, माझं डोकं दुखलं तर चहा करतात. पण बाहेर पडलं की माणूस बदलतो. स्टेशनच्या पुलावर गर्दीत मी त्यांचा हात धरला, तर चटका बसल्यासारखा काढून घेतला. मी बुरखा घालते. त्यांच्या ऑफिसातल्या बायका घालत नाहीत. त्यांना माझी लाज वाटते का, बाजी?"

शेवटच्या वाक्याखाली दोनदा रेघ ओढली आहे.

लाज या एका शब्दात आपण फार काही कोंबतो. मी शाळेत उर्दूही शिकवते आणि मराठीही, त्यामुळे शब्दांशी रोजचा संबंध. उर्दूत शर्म वेगळी, लिहाज वेगळा आणि वहशत वेगळी. मराठीतही तीन गोष्टी आहेत: लाज, भीड आणि नकोसं वाटणं. (भीड शिकवताना आमच्या वर्गात दरवर्षी हशा होतो, कारण मुलांच्या घरच्या बोलीत भीड म्हणजे गर्दी. मोठ्यांसमोर मन मोकळं करता येत नाही ती भीड, हे सांगावं लागतं. खरं तर मुलांचंही फार चुकत नाही, ही भीड चार माणसं जमल्यावरच येते.)

रस्त्यात सुटणारा हात या तिघांपैकी कशामुळेही सुटू शकतो, आणि बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो नजरेवरून. लाजलेल्या माणसाचं लक्ष स्वतःकडे असतं: मान खाली जाते, चेहरा लाल होतो, हसू येतं, आणि थोड्या वेळाने तोच माणूस आपणहून जवळ येतो. भीड वाटणारा आधी आजूबाजूला पाहतो, कोण बघतंय ते हेरतो, मग हात काढतो. ज्याला स्पर्शच नकोसा झाला आहे तो इकडे-तिकडे बघत नाही. त्याचा खांदा वर जातो, श्वास अडकतो, हात मऊ न राहता लाकडासारखा होतो, आणि नंतर बराच वेळ तो गप्प असतो.

हे शाळेच्या फाटकात रोज बघायला मिळतं. सहावी-सातवीतला मुलगा फाटक दहा पावलांवर आलं की अम्मीचा हात झटकतो. अम्मीला वाईट वाटतं. पण तोच मुलगा पावसाळ्यात, शाळा सुटून सगळे पांगल्यावर, तिच्या छत्रीत तिला चिकटून जातो. त्याला अम्मी नकोशी नसते, त्याला मित्र दिसतात म्हणून अडचण होते. सकाळी एकदा बघून याचा निकाल लावता येत नाही. दोन्ही वेळा बघावं लागतं.

म्हणून त्या भगिनीला मी उत्तर न देता एक काम दिलं. तीन आठवडे वहीच्या मागच्या पानावर टिपायचं: हात कधी सुटला आणि कधी नाही सुटला. जागा कुठली, आजूबाजूला कोण, वेळ काय, आणि नंतरच्या पंधरा मिनिटांत ते कसे वागले. हात मुद्दाम धरून परीक्षा घ्यायची नाही, एरवी जसं चालतं तसंच चालू द्यायचं. "नाही सुटला" ही नोंद मी आग्रहाने मागितली, कारण दुखावलेलं मन तेवढीच नोंद विसरतं.

तिची टिपणं आली. एकूण नऊ नोंदी.

स्टेशनचा पूल, संध्याकाळ: सुटला, गावाकडची दोन माणसं समोरून येत होती. बाजार: सुटला, शेजारी दिसले. दापोलीचा एसटी स्टँड: धरायचा प्रश्नच नाही, ते दोन पावलं पुढे. खेडला त्यांच्या चुलत्यांच्या घरी: पलंगावर ती येऊन बसली तर ते उठून खुर्चीवर गेले. या चार नोंदी वाचल्यावर मला भीड स्पष्ट दिसली. चारही ठिकाणी ओळखीची नजर आहे.

कोकणातल्या घरांत वाढलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही. देशावरही काही वेगळं नाही. वडील बैठकीत असताना मुलगा बायकोशेजारी बसत नाही. बायकोला नावाने हाक मारत नाही, तीही मारत नाही. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट: वडिलांसमोर स्वतःचं तान्हं मूलसुद्धा उचलून घेत नाही. मूल रडत असलं तरी आजी उचलेल, काकू उचलेल, बाप जागचा हलत नाही. त्या बापाला मुलाची माया नाही असं आपण कधी म्हणत नाही. मग तोच माणूस एसटी स्टँडवर बायकोपुढे दोन पावलं चालला, तर त्याला बायकोची लाज वाटते असं का म्हणायचं? दोन्ही एकाच शिस्तीतून आलं आहे. मोठ्यांसमोर आपलं माणूस आपलं म्हणून मिरवायचं नाही, अशी ती शिस्त.

या शिस्तीला काही जण दीनचा हुकूम समजतात. त्या भगिनीच्या दिरानेही तिला तसं ऐकवलं होतं की बीवीचा हात बाहेर धरणं बरोबर नाही. इथे थोडं थांबायला हवं. हया हा ईमानचा भाग आहे, यात वाद नाही. चारचौघांत अंगलट करणं त्यात बसत नाही, यातही नाही. पण बुखारी शरीफमध्ये हजरत अनस (रजि.) यांनी खैबरहून परतीच्या प्रवासातली हकीकत सांगितली आहे. काफिला सोबत होता. प्रेषित मुहम्मद (स.) उंटाजवळ गुडघा करून बसले आणि हजरत सफिय्या (रजि.) त्यांच्या गुडघ्यावर पाय ठेवून उंटावर चढल्या. हे सगळ्या लष्करासमोर घडलं. पत्नीला आधार देणं हयेच्या विरुद्ध असतं, तर हे सहाबांच्या डोळ्यांदेखत घडलं नसतं आणि आपल्यापर्यंत पोचलंही नसतं. आपल्या घराची रीत पाळायची तर खुशाल पाळावी, पण तिला घराची रीतच म्हणावं.

पुढच्या तीन नोंदी चांगल्या होत्या. माथेरान: दस्तुरी नाक्यापासून चालत वर जाताना, दुपारी, त्यांनी आपणहून हात धरला आणि बाजारपेठ येईपर्यंत सोडला नाही. मरीन ड्राइव्ह, रात्री नऊच्या पुढे: हात त्यांच्याच हातात. तिसरी नोंद कल्याणची. ऑफिसातल्या एकाचं लग्न होतं. तिथे हात नव्हता, पण सगळ्या सहकाऱ्यांकडे तिला घेऊन गेले, "माझी मिसेस" म्हणून ओळख करून दिली, जेवताना ताट आणून दिलं. बुरख्याच्या शंकेचं उत्तर तिने स्वतःच्याच अक्षरात लिहून पाठवलं होतं, फक्त तिला ते दिसलं नव्हतं. ज्याला सोबतच्या माणसाची लाज वाटते तो त्याला अशा ठिकाणी नेतच नाही. नेलंच तर ओळख टाळतो, कपडे बदलायला सांगतो, अनोळखी गर्दीतही अंतर ठेवतो. इथे यातलं काहीच नव्हतं.

पण उरलेल्या दोन नोंदी मला कोड्यात टाकत होत्या. माथेरानलाच, सूर्यास्त बघायला एका पॉइंटवर गेले तेव्हा तिने हात धरला आणि त्यांनी काढून घेतला. ओळखीचं चिटपाखरू नाही. दुपारी याच हाताने तर धरलं होतं! आणि मरीन ड्राइव्हला दुसऱ्या एका दिवशी, तेही सूर्य बुडताना, पुन्हा तसंच. तिने लिहिलं होतं, "सगळी जोडपी हात धरून बसली होती, आणि माझे शोहर बाहीत हात घालून."

बाहीत हात घालून. हे वाचलं आणि मी दोन्ही नोंदींची वेळ पुन्हा पाहिली. दोन्ही असर आणि मगरिबच्या मधल्या.

कोकणी मुसलमान बहुतांश शाफई, आणि बीड-औरंगाबादकडचे आपण बहुतांश हनफी. शाफई मसलकात नवरा-बायकोच्या कातडीला कातडी लागली की वजू तुटतो, मनात काहीही असो वा नसो. हनफी मसलकात नुसत्या अशा स्पर्शाने तुटत नाही. दोन्हींना आधार आहे. सूरह निसा आणि सूरह माइदामध्ये वजू व तयम्मुमच्या संदर्भात स्त्रियांना स्पर्श करण्याचा जो शब्द आला आहे, त्याचा अर्थ इमाम शाफई यांनी साधा स्पर्श असा घेतला आणि हनफी इमामांनी पती-पत्नीचा संबंध असा घेतला. मधे कापड असेल तर शाफईंचाही वजू तुटत नाही. म्हणूनच उमऱ्याला निघालेली कोकणी जोडपी तवाफच्या गर्दीत हात कसा धरायचा हे मौलानांना आधीच विचारून घेतात.

आता त्या शोहरांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. असरचा वजू आहे. मगरिब अर्ध्या तासावर आली आहे. मरीन ड्राइव्हवर वजूला पाणी कुठे शोधायचं? तो वजू सांभाळतो आहे आणि त्याला वाटतंय, हिला हे माहीतच असणार, कारण त्याच्या घरात तर लहान मुलांनाही माहीत असतं. तिच्या घरात मात्र हा मसला कुणाच्या तोंडून कधी निघालाच नाही. दहा महिने दोघं एका घरात नमाज पढत होती, पण हा फरक बोलण्यात आला नव्हता.

मी तिला लिहिलं की हा माझा अंदाज आहे, विचारून खात्री कर. विचारायचं कसं तेही लिहिलं. हात सुटला त्या क्षणी विचारायचं नाही, कारण तेव्हा प्रश्न प्रश्न राहत नाही, तक्रार होते. घरी, इशानंतर, भांडी आवरताना वगैरे विचारायचं, म्हणजे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही. आणि "तुम्ही हात का काढला?" असं विचारायचं नाही. "बाहेर मी हात धरला की तुम्हाला कसं वाटतं?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला बचाव मिळतो. दुसऱ्याला निदान विचार करून उत्तर द्यावं लागतं.

तिने विचारलं. ते आधी हसले आणि मग म्हणाले, "तुला माहीत नव्हतं?" वजूचा उलगडा एका मिनिटात झाला. ते आता म्हणतात, वजू असेल तेव्हा बाही धर. पूल आणि बाजारासाठी त्यांनी तिला वेगळं सांगितलं: गावची माणसं दिसली की अब्बांना कळेल असं वाटतं, हात आपोआप निघतो. हे सहज जाणार नाही, आणि ते घालवायची घाईही करू नये असं मला वाटतं. त्याने पुढे न जाता बरोबरीने चालावं, एवढं तिने मागितलं आणि त्याने कबूल केलं. भाजीची पिशवी दोन बंदांची घेतली आहे. एक बंद त्याच्याकडे, एक तिच्याकडे.

निव्वळ लाजेबद्दल फार लिहीत नाही, ती बहुतेक आपोआप कमी होते. फक्त एक गोष्ट सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. काही जणांच्या तळव्यांना घाम फार येतो. मन ताणलं की आणखी येतो, झोपेत येत नाही. असा माणूस हात धरला की दोन मिनिटांत काढून घेतो, हळूच कुर्त्याला पुसतो, सलाम करतानाही हात पुढे करायला कचरतो. त्याला ओला हात लपवायचा असतो. हा त्वचेच्या डॉक्टरला दाखवायचा प्रश्न आहे, त्यावर लावायची औषधं मिळतात. आणि वलीम्याच्या स्टेजवर फोटोग्राफर दोघांचे हात धरायला लावतो, तिथल्या ताठ बोटांवरून कुणीही काही ठरवू नये. तिथे तर माझीही बोटं ताठ होती.

तिसऱ्या प्रकाराला मात्र जास्त जागा द्यायला हवी, कारण तोच सगळ्यात जास्त लपतो, आणि लपतो तो हयेच्या नावाखाली.

दुसरं पत्र एका शोहरांचं आहे. असं पत्र क्वचित येतं. ते लिहितात की लग्नाला चार वर्षं झाली, मूल आहे. बाहेर गर्दीत त्यांनी बायकोच्या पाठीला किंवा दंडाला हात लावून वाट करून द्यायचा प्रयत्न केला की ती दगड होते. घरातली सगळी म्हणतात, शरीफ मुलगी आहे, हया आहे. त्यांनाही तसंच वाटत आलं. पण त्यांनी पुढे एक ओळ लिहिली: "स्वयंपाकघरात मागून आलो तरी ती दचकते, एकदा हातातला तवा पडला."

स्वयंपाकघरात कोण बघणार होतं? तिथे भीड नाही आणि चार वर्षांनी लाजही नाही. भीड घराच्या दाराशी थांबते. स्पर्शाचं नकोसेपण घरात येतं. आणि त्या पत्रात दुसरीही खूण होती: समोरून, बोलत बोलत हात धरला तर ती दचकत नाही. अडचण मागून, न सांगता आलेल्या हाताची होती.

त्यांनी विचारलं, तेव्हा ती पहिल्या दिवशी काही बोलली नाही. आठवड्याने बोलली. कॉलेजला जाताना बसमध्ये रोज तोच एक माणूस मागे उभा राहायचा. घरी सांगितलं असतं तर कॉलेज बंद झालं असतं, म्हणून दोन वर्षं सांगितलं नाही. तिच्या पाठीला अजून ती बस आठवते. शरीर असं शिकून ठेवतं आणि समोर नवरा आहे हे मनाला कळण्याआधीच खांदा वर जातो. यात नवऱ्याबद्दल नावड नाही आणि तिचा निश्चयही नाही. म्हणूनच "मी आहे ना, मग कशाला घाबरतेस" या वाक्याचा उपयोग होत नाही, उलट तिला वाटतं की आपलंच काही चुकतंय.

उपयोग कशाचा होतो, हे त्या दोघांनी थोडं थोडं करून शोधलं. ते मागून येताना आवाज देतात, पावलं वाजवतात. गर्दीत ते तिच्या मागे न राहता शेजारी राहतात आणि हात पुढे करतात. धरायचा की नाही ते ती ठरवते. तिने धरला नाही तर तोंड वाकडं करायचं नाही, हे त्यांना सगळ्यात जड गेलं असं ते लिहितात. प्रामाणिक माणूस आहे. सहा-सात महिन्यांत बाजारातलं ताठरणं बरंच कमी झालं, बसमधलं नाही. बसमध्ये ती खिडकीकडे बसते आणि ते बाजूला, म्हणजे तिच्या अंगाला दुसऱ्या कुणाचा धक्का लागत नाही. ज्यांना झोप लागत नाही, तीच तीच आठवण येते, किंवा घरातला साधा स्पर्शही वर्षभरात सोसवेनासा झाला आहे, त्यांनी घरगुती उपायांवर थांबू नये. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि एक शक्यता अशी आहे जी शोहरांच्या पत्रांतून कधीच येणार नाही. काही बायका नवऱ्याच्या हाताला ताठरतात, कारण तोच हात घरात त्यांच्यावर उठतो. तिथे चारचौघांसमोर धरलेला हात लोकांना दाखवण्यासाठी असतो. याची खूण अशी: ती हात काढून घेत नाही. काढायची तिला भीती असते. ती धरू देते, पण पावलं त्याच्याशी मोजून टाकते, बोलण्याआधी त्याच्या चेहऱ्याकडे बघते, आणि तो दोन मिनिटं लांब गेला की तिचे खांदे खाली येतात. अशी बहीण, भावजय किंवा शेजारीण दिसली तर तिला दोघांसमोर काही विचारू नका. ती एकटी असेल तेव्हा विचारा. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तोंडी सांगा. तिच्या मोबाइलवर लिहून पाठवू नका, तो मोबाइल बहुधा तीच एकटी बघत नसते.